वाघाला गाणं कुठे द्यायचं?

बंगळुरात आपण मराठी असल्याचं कळलं की समोरच्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होतात. एक, आपल्याला तिखट चालतं. दोन, आपल्याला नाटक येतं. पहिल्या समजुतीचा त्रास आपला आपल्यापुरता असतो. दुसरीचा त्रास बनशंकरी सेकंड स्टेजमधल्या एका शाळेतल्या ६४ मुलांना झाला.

मुलगी तिसरीत. ॲन्युअल डे डिसेंबरात. हेडमिस्ट्रेसनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "सार्, तुम्हां मराठी लोकांच्या रक्तातच नाटक असतं. पुण्यकोटीचं म्युझिकल करून द्या." मी मान डोलावली. खरं म्हणजे त्यांना सांगायला हवं होतं की कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी पाहिले, तसंच काहीतरी मराठीत करा म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितलं आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. म्हणजे रक्तात जे काही आहे ते इथूनच उसनं नेलेलं आहे. पण हेडमिस्ट्रेसच्या केबिनमध्ये इतिहास सांगणाऱ्याला पुढच्या वर्षी इतिहासाचंच प्रदर्शन लावायला सांगतात, हे मला ठाऊक होतं.

पुण्यकोटी ही कन्नड घराघरातली गाय. काळिंग नावाचा गवळी गायींना नावानं हाका मारतो, त्यांत एक पुण्यकोटी. रानात अर्बुत नावाचा उपाशी वाघ तिला अडवतो. ती म्हणते, घरी वासरू आहे, त्याला पाजून येते, मग खा. वाघ विश्वास ठेवत नाही, ती सत्याची शपथ घेते आणि जाते. वासराला पाजते, इतर गायींना सांगते की याला आपला समजा, आणि दिल्या शब्दाप्रमाणे परत येते. वाघाला भडभडून येतं. हिला खाल्लं तर देवाला काय तोंड दाखवू म्हणून तो उडी घेऊन प्राण सोडतो. आपल्याकडे हीच गाय पुराणातून बहुला नावानं येते. पण आपल्या बहुलेला व्रत मिळालं आणि कन्नड पुण्यकोटीला गाणं मिळालं. 'गोविन हाडु' म्हणून ते शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेलं आहे. १९७७ साली बी. व्ही. कारंत आणि गिरीश कार्नाड यांनी भैरप्पांच्या कादंबरीवर जो सिनेमा काढला, हिंदीत तो 'गोधूळि' म्हणून आला, त्यातही ते वाजलं. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला, बँकेतल्या मॅनेजरबाई आणि मजल्यावरच्या आजी, तिघांनाही ते येतं.

आणि इथेच घोळ आहे. कुठलीही लोककथा संगीत नाटकात घालायची तर सगळे विचारतात, यात गाणी कुठे घालू? पुण्यकोटीत प्रश्न उलटा. ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणंच आहे. हाक गाण्यात, डरकाळी गाण्यात, वासराचं रडणं गाण्यात आणि वाघाचं मरणही त्याच चालीत. संगीताच्या मिसनी हार्मोनियमवर सगळं सलग म्हणून दाखवलं. मध्यावर पोहोचेपर्यंत मागच्या बाकावरच्या दोन गायी झोपल्या होत्या. सगळंच गाणं असलं की गाणं कधी सुरू झालं हेच कळत नाही. म्हणजे आमचं काम गाणी घालण्याचं नव्हतं, काढण्याचं होतं.

या बाबतीत आपला इतिहास मात्र कामाचा निघाला. किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'शाकुंतल'मध्ये पदांची संख्या दोनशेच्या घरात होती. त्यानंतर गाण्यांची छाटणी होत होत १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त मोजकीच गाणी उरली. मराठी रंगभूमीला हे उमगायला अर्धशतक लागलं. आम्हाला डिसेंबरपर्यंतची मुदत होती, त्यात सहामाही परीक्षा आणि दसऱ्याची सुट्टी.

मी पहिल्या तालमीला गाणी बंद ठेवली. सहा मुलं निवडली, हार्मोनियमला कुलूप घातलं आणि सांगितलं, गोष्ट नुसती बोलून करून दाखवा, शब्द तुमचेच. संगीताच्या मिसनी माझ्याकडे जसं बघितलं तसं त्या वाघाकडेही बघत नसतील. पण त्या चार मिनिटांत सगळं नाटक कळलं. हो, चार मिनिटांत गोष्ट संपली. आपल्याला अठरा मिनिटं दिली होती.

पुण्यकोटी झालेल्या मुलीला वाघानं अडवल्याबरोबर ती न अडखळता बोलू लागली. "प्लीज, दहा मिनिटं. नक्की येते. गॉड प्रॉमिस. मदर प्रॉमिस." वाघ म्हणाला, "मागच्या वेळीपण तू असंच म्हणाली होतीस." गोष्टीत मागची वेळ नाही, ती त्यांच्या खेळाच्या तासातली होती. दोघांत जी घासाघीस झाली ती इतकी अस्सल होती की तिथे कोणी गाऊ लागलं असतं तर मीच थांबवलं असतं. शपथ हा सौदा आहे, आणि सौदा बोलूनच होतो. मुलांना तर त्याची रोजची सवय.

मग ती घरी आली. वासरू झालेल्या पोरानं विचारलं, "तू उद्या येणार ना?" आणि मुलगी गप्प. तिला बोलायला काही सुचेना. माझ्याकडे बघितलं, मिसकडे बघितलं, मग वासराच्या डोक्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली. मी वहीत पहिली खूण केली, इथे गाणं. पुढे ती वाघासमोर परत आली, "मी आले" म्हणाली, आणि आता वाघाची बोलती बंद. मघाशी एवढा वाद घालणारा तो मुलगा "ओके" म्हणाला आणि नाक खाजवू लागला. दुसरी खूण तिथे.

या पद्धतीत एक फायदा असा की वाद मिटतो. नाहीतर प्रत्येक शिक्षकाचं एक लाडकं गाणं असतं आणि ते कुठेतरी बसवायचंच असतं. एका मिसना गायी चरायला जाताना सिनेमातलं गाणं हवं होतं, कारण त्यावर त्यांच्या भाचीनं बसवलेला नाच तयार होता. मी म्हटलं, ते गाणं काढून टाकलं तर गोष्टीचं काय अडतं? त्या म्हणाल्या, "गोष्टीचं काही नाही, भाचीचं अडेल." अशा प्रामाणिक माणसाशी भांडता येत नाही, पण गाणं गेलं.

तिसरं गाणं मात्र मी या कसोटीबाहेर ठेवलं, ते म्हणजे सुरुवातीची गायींना मारलेली हाक. तिथे कोणाच्याही मनात काही बदलत नाही. पण ४५ गायी रंगमंचावर आणायच्या असतात, आणि काळिंग एकेका कळपाला हाक मारतो तेव्हा त्या नावाचा कळप येतो, याहून सोयीची वाहतूकव्यवस्था बंगळुरात दुसरी नाही. गंगा म्हटलं की १५ मुलं आली, गौरी म्हटलं की पुढची १५, तुंगभद्रा म्हटलं की उरलेली. माझी मुलगी तुंगभद्रेत होती. घरी तिनं आईला सांगितलं की तिची भूमिका 'नदी आणि गाय, दोन्ही' आहे.

राहता राहिला वाघ. वाघाच्या आईचा निरोप आला की मुलगा तीन वर्षं कर्नाटक संगीत शिकतो आहे, त्याला सोलो असावा. मी म्हटलं, असेल, पण शेवटी. तोवर वाघाला चाल नाही. गायी गातात, गवळी गातो, वाघ मात्र फक्त बोलतो आणि त्याच्यामागे तमटे वाजतं. तमटे म्हणजे आपल्या हलगीचं भावंड. गायींच्या दुनियेत सूर आहेत, वाघाच्या गुहेत नुसता ठोका. शेवटी गाय परत येते तेव्हा ठोका थांबतो आणि वाघ आयुष्यात पहिल्यांदा गातो, एकच ओळ, गायींच्याच चालीत. त्याचं मन पालटलं हे सांगायला मग निवेदकाची गरज उरत नाही. संगीताच्या मिसना हे पटलं. वाघाच्या आईंना पटलं नाही. "तीन वर्षांचं शिक्षण आणि एक ओळ?" मी म्हटलं, बाई, बाकीच्या पंचेचाळीस गायींना कोणी ओळखणारसुद्धा नाही, याची एक ओळ हॉल घरी घेऊन जाईल. त्यांनी मला हे लेखी द्यायला सांगितलं.

आता पाय. या गाण्यात मात्रांचे गट तीन-चार, तीन-चार असे चालतात. मी म्हटलं रूपक, मिस म्हणाल्या मिश्र चापु, दोघांचं मिळून सात यावर एकमत झालं. नाच बसवायला पी.टी. सर होते. त्यांचं सगळं आयुष्य डावा-उजवा, डावा-उजवा करण्यात गेलेलं. त्यांनी मुलांना गाण्यावर चालवलं आणि पहिल्याच ओळीनंतर शिट्टी फुंकली. पहिल्या सातच्या सुरुवातीला सगळ्यांचा डावा पाय पुढे होता, दुसऱ्या सातला उजवा झाला. त्यांनी पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. विषम मात्रांच्या तालात प्रत्येक मात्रेला एक पाऊल टाकलं की दर आवर्तनाला पाय बदलणारच, त्यात मुलांचा दोष नाही. सरांनाही ते मान्य होतं. "मुलं बरोबर आहेत सार्, गाणं चुकलंय," ते म्हणाले. "शेवटी एक मात्रा वाढवू. आठ झाली की सरळ होईल." शतकानुशतकं टिकलेलं गाणं परेडमध्ये बसत नाही म्हणून त्याला एक पाय जोडायला निघालेला तो माणूस मला फार आवडला.

तोडगा सापडला तो सोपा होता. सात मात्रांना सात पावलं टाकायचीच नाहीत. दोनच टाकायची, एक पहिल्या मात्रेवर, एक चौथ्यावर. पहिलं पाऊल तीन मात्रांचं, दुसरं चार मात्रांचं. मग प्रत्येक आवर्तनाला डावा पाय पहिल्यावरच येतो. शिवाय एक पाऊल जरा आखूड आणि एक जरा रेंगाळलेलं पडल्यामुळे अंग आपोआप एका बाजूला झुलतं, आणि ४५ मुलं थेट गायीसारखी चालू लागतात. दोन महिने शिकवूनही जी चाल आली नसती ती गणितानं एका तासात दिली. पी.टी. सरांनी स्वतः चालून बघितलं, मैदानाच्या टोकापर्यंत गेले आणि वळून ओरडले, "सार्! गाय!" ते दृश्य बघायला तिसरी ब चा वर्ग खिडकीत जमला होता.

मुलांना मोजायला लावायचं नाही, हाही धडा तिथलाच. "एक दोन तीन, एक दोन तीन चार" म्हणत चाललेली मुलं ओठ हलवतात आणि गाणं विसरतात. त्याऐवजी गाण्यातल्या कुठल्या अक्षरावर पाऊल पडतं ते सांगायचं. मुलं शब्दावर चालतात, आकड्यावर नाही. आणि 'डावा' हा शब्दही वापरायचा नाही. शिकवणारा मुलांकडे तोंड करून उभा असतो, त्याचा डावा त्यांचा उजवा, आणि यावर तिसरीत प्रामाणिक मतभेद असतात. पी.टी. सर म्हणायचे "खिडकीची बाजू" आणि "दरवाजाची बाजू". व्हरांड्यात हे उत्तम चाललं. हॉलमध्ये गेल्यावर दरवाजा उलट्या बाजूला निघाला आणि सगळी तुंगभद्रा गंगेत जाऊन मिळाली. मग प्रत्येकाच्या डाव्या मनगटाला लाल फीत बांधली. फीत कुठेही गेलं तरी मनगटावरच राहते.

रंगमंच तीस फुटांचा. एका मुलाला दोन फूट धरले तर एका ओळीत पंधरा. म्हणून तीन कमानी, अर्धचंद्रासारख्या. मागची बाकांवर, मधली जमिनीवर, पुढची गुडघ्यांवर. प्रत्येक मूल पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत. ही फट सौंदर्यासाठी नाही, मोबाइलसाठी आहे. आपलं मूल दिसलं नाही तर पालक उठून उभे राहतात, मग मागचे उभे राहतात, आणि वाघ मरतो तेव्हा हॉलमधले सगळे जण त्याला मानवंदना देत असल्यासारखे उभे असतात.

खरा वेळ खातं ते येणं-जाणं. हॉलला एकच विंग, तीही अरुंद. ४५ मुलांना एका रांगेत बाहेर काढायला निदान एक मिनिट. रानात जाणं, घरी येणं, पुन्हा रानात जाणं यांत दोनदा बाहेर आणि दोनदा आत धरलं तरी चार मिनिटं, म्हणजे अख्ख्या गोष्टीएवढी. त्यावर उपाय १९७२ साली पुण्यात निघालेला आहे. 'घाशीराम कोतवाल'मध्ये ब्राह्मणांची रांगच पडदा होते. ती उघडते, मिटते, पाठ फिरवते, आणि स्थळ बदलतं. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या त्या नाटकाची नृत्यं कृष्णदेव मुळगुंद यांची. त्या रांगेत पेशवाई दिसली, आमच्या रांगेत गोठा दिसला तरी पुरे होता. गायी एकदा आल्या की परत जात नाहीत. तोंड समोर आणि बसलेल्या असल्या की गाव. पाठ फिरवून हात वर केले की रान. मधल्या पाच जणांनी हात एकमेकांत गुंफून कमान केली की वाघाची गुहा. चालणं, बसणं, वळणं, एवढ्या तीनच हालचाली सगळ्यांनी शिकायच्या, चौथी कोणी शिकवायची नाही. चौथी शिकवली की पहिली विसरते.

हे सगळं जमत आलं तेव्हा फुलपाखरं उगवली. पहिलीतली १२ मुलं. गेल्या वर्षीचे पंख शाळेत पडून होते आणि हेडमिस्ट्रेसच्या मते पंख असताना मुलांना बाहेर ठेवणं हा अन्याय. वाघ, गाय, वासरू आणि मध्येच पिवळी फुलपाखरं. मी आधी डोक्याला हात लावला, मग रचनेकडे बघितलं. गायी पहिल्यांदा चरायला निघतात तेव्हा तिन्ही कमानी पाठ फिरवतात, आणि ते वळणं कितीही केलं तरी गबाळं दिसत होतं. कोणीतरी हमखास उलटं वळायचं. नेमक्या त्या वेळी पुढून फुलपाखरं गेली तर मागचा गोंधळ झाकला जातो. त्यांना दहा सेकंद मिळाली आणि खरं काम मिळालं. परतीच्या वाटेवर मात्र फुलपाखरं नाहीत, तिथे वळणाची चूक दिसली तरी चालेल, असं मी बजावलं. ड्रेस रिहर्सलला त्यांतलं एक परत गेलंच नाही, वाघाच्या शेजारी जाऊन बसलं. वाघानं त्याला जागा करून दिली.

तालमी शाळा सुटल्यावर, म्हणजे तीननंतर. यात बनशंकरीची एक खास अडचण आहे. मंगळवारी तीन ते साडेचार राहुकाळ. बाकीच्या बंगळुरात राहुकाळात कोणी नवी स्कूटरसुद्धा बाहेर काढत नाही. आमच्या इथल्या बनशंकरी अम्मांच्या देवळात मात्र राहुकाळ हीच पूजेची वेळ. बायका अर्धं लिंबू पिळून, साल उलटी करून, त्यात तेलवात घालून दिवे लावतात, आणि कनकपुरा रोडवरची बस जागची हलत नाही. परिणामी मंगळवारी निम्म्या आया देवळात, निम्मी मुलं त्यांच्याबरोबर, आणि तबलजी सिग्नलला अडकलेला. शिवाय हेडमिस्ट्रेसचं मत, राहुकाळात नवीन काही सुरू करू नये. म्हणून मंगळवारी फक्त जुनं घोटायचं असं ठरलं. नंतर लक्षात आलं की नाटक उभं राहिलं ते मंगळवारांमुळेच. इतर दिवशी कोणाला ना कोणाला काहीतरी नवीन सुचायचं.

एका वडिलांनी सगळं गाणं तयार ट्रॅकवर करून देण्याची तयारी दाखवली. ऐकवलंसुद्धा. त्यात ड्रम होते, सात मात्रांच्या आठ झालेल्या होत्या आणि पी.टी. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी नको म्हटलं, ते शुद्धतेसाठी नव्हे. वासरू ओळ विसरलं तर हार्मोनियम थांबते, तीच ओळ पुन्हा वाजवते, लोकांना वाटतं असंच आहे. ट्रॅक थांबत नाही. वासरू अजून आईला विचारतंय आणि ट्रॅकमध्ये वाघ मेलेला असतो.

हार्मोनियमचा सूरही ठरवावा लागला. मिसनी आपल्या गळ्याचा सा धरला होता आणि निरोपाच्या गाण्यातल्या वरच्या जागेला मुलं किंचाळत होती. मुलं बेसूर आहेत असं सगळे म्हणू लागले. चालीतला सगळ्यांत वरचा सूर मुलांना न ओरडता लागतो का ते आधी बघायचं आणि त्यावरून खाली येत सा ठरवायचा, एवढंच करायचं होतं. सूर खाली आणला आणि ४५ बेसूर मुलं त्याच दुपारी सुरात आली. वासराला मात्र गायला दिलंच नाही. त्याचे प्रश्न तो बोलतो, आईची उत्तरं सगळ्या गायी गातात. एकट्या मुलाचा गळा माइकसमोर दाटला तर गाणं बुडतं, बोलणं बुडत नाही. उलट लोकांना तो अभिनय वाटतो.

शेवटाबद्दल पालकसभा झाली. वाघानं आत्महत्या करणं मुलांच्या मनावर वाईट परिणाम करेल, असा एक पक्ष. वाघ राष्ट्रीय प्राणी आहे, त्याला मारणं योग्य नाही, असा दुसरा. तिसऱ्या पक्षाचे एक गृहस्थ आकडे घेऊनच आले होते. २०२२च्या गणनेत कर्नाटकात ५६३ वाघ, मध्य प्रदेशानंतर दुसरा क्रमांक, आणि आपण स्टेजवर एक कमी करतो आहोत. सुचवण्या आल्या. वाघ सॉरी म्हणेल. वाघ शाकाहारी होईल. वाघ आणि गाय मिळून झाड लावतील. एक आजोबा मागून म्हणाले, "मग ती गाय परत आलीच कशाला? फोन करायचा." आजोबांच्या त्या वाक्यानं सभा संपली. वाघ मरणार नसेल तर गायीच्या शब्दाला किंमत काय, हे त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं होतं.

पण उडी कशी दाखवायची? बाकावरून उडी मारायला लावली तर पहिल्याच तालमीत वाघाचा गुडघा फुटला असता. आम्ही मुखवट्यावर भागवलं. मुखवटा तसाही कपाळावर बांधलेला होता, कारण तोंडावर घेतला की आतून फक्त 'हूं हूं' ऐकू येतं. वाघ आपली ओळ गातो, मुखवटा काढून पुण्यकोटीच्या पायाशी ठेवतो, वळतो आणि पाठ फिरवलेल्या गायींच्या रांगेत जाऊन उभा राहतो. झालं. कोणी पडत नाही, कोणी रक्त दाखवत नाही, आणि वाघ गेला हे पहिलीतल्या फुलपाखरांनाही कळतं.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला. हाक झाली, कळप आले, फुलपाखरं बाराच्या बारा परत गेली. मग वाघानं अडवलं आणि पुण्यकोटी शपथ घेऊ लागली. माझी सगळी मांडणी अशी की सत्याचं ते प्रसिद्ध कडवं इथे गायचं नाही. इथे नुसतं बोलायचं. लोक वाट बघतील, आणि ती परत येईल तेव्हा गाणं उघडायचं. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं सगळ्यांत उशिरा द्यायचं, हे धोरण. पुण्यकोटी पहिलं वाक्य बोलली मात्र, तिसऱ्या रांगेतल्या आज्यांनी ते कडवं म्हणायला सुरुवात केली. मग चौथी रांग, मग बाल्कनी. हॉलभर गाणं झालं आणि स्टेजवर चकार सूर नाही. संगीताच्या मिसनी माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि त्यांच्या सुरात हार्मोनियम धरली. वाघ हात बांधून थांबून राहिला. कडवं संपल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे, जा." असा टाळ्या घेणारा संवाद मला लिहिता आला नसता.

पुढे ती परत आली, मुलांनी तेच कडवं गायलं, आणि हॉलनं पुन्हा म्हटलं. संगीत नाटकात वन्समोअर मागावा लागायचा, इथे प्रेक्षकांनी तो आधीच घेऊन ठेवला होता. त्या गजरात वाघाची ओळ वाहून जाणार अशी माझी खात्री झाली. पण तीन वर्षांचं शिक्षण म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण. वाघ थांबला. टाळ्या थांबेपर्यंत थांबला, मिसकडे बघून सूर मागून घेतला, आणि मगच गायला. त्याच्या आई नंतर भेटल्या. म्हणाल्या, एक ओळ फार छान झाली, दोन असत्या तर दुप्पट झाली असती.

हेडमिस्ट्रेस खूश होत्या. पुढच्या वर्षी तुमच्याकडची गोष्ट करा म्हणाल्या, मराठी. मी त्यांना म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगितली. लेकीकडे जाणारी म्हातारी, वाटेतले प्राणी, भोपळ्यात बसून परत येणं. त्यांना आवडली. डायरी उघडून त्यांनी पात्रं लिहून घेतली. म्हातारी एक, लेक एक, वाघ एक, कोल्हा एक, भोपळा एक. पेन थांबलं.

"सार्, ६४ मुलं आहेत."

"भोपळा मोठा करता येईल," मी म्हटलं. "बारा मुलं हात धरून गोल, मध्ये म्हातारी. गोल फिरत पुढे सरकायचं."

"फुलपाखरांचे पंख आहेत अजून," त्या म्हणाल्या.

पी.टी. सर मागे उभे होते. त्यांना एकच प्रश्न होता, भोपळा किती मात्रांचा?